दुसऱ्या बोलावण्याची सभा आणि 462.10 सहस्रांश

प्रश्न: मी पुण्यात इटालियन-मराठी अनुवाद करते. तोरिनोमधल्या एका फ्लॅटचे कागद आले आहेत: इमारतीच्या सभेची सूचना आणि नंतर आलेलं इतिवृत्त. फ्लॅट एका मुलाच्या आणि साताऱ्यातल्या त्याच्या वडिलांच्या नावावर आहे. दोघंही सभेला नव्हते, आणि वडिलांना सगळं मराठीत वाचायचं आहे. मी आपल्या सोसायटीच्या कागदांतले शब्द वापरून मसुदा केला: गणपूर्ती, तहकूब सभा, शेअर, प्रशासक, सर्वानुमते. पण आकडे आणि शब्द एकमेकांशी जुळेनात. लिफ्टचा खर्च मंजूर झाला असं लिहिलं आहे. वडील विचारतात, पैसे भरायचे का? मसुदा आणि मूळ कागद सोबत पाठवते आहे.

उत्तर: मसुद्याची मराठी छान आहे. अडचण अशी की त्यातून वाचणाऱ्यासमोर सहकारी गृहनिर्माण सोसायटी उभी राहते, आणि इटलीतलं कोन्दोमिनियो ही सोसायटी नाही. आपल्याकडे इमारत सोसायटीची असते, सभासदाकडे भागपत्र असतं आणि सभेत दर सभासदाला एक मत असतं. तिथे प्रत्येक जण आपल्या गाळ्याचा थेट मालक असतो. जिना, छप्पर, लिफ्ट, पाया अशा सामाईक भागांत त्याचा न विभागता येणारा हिस्सा असतो. जवळचं उदाहरण हवं तर आपल्या 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्यातल्या अपार्टमेंट मालकाचं घ्या. म्हणून ‘सभासद’ काढून ‘गाळामालक’ करा. गाळ्यात दुकान आणि गॅरेजही बसतं, ‘सदनिकाधारका’त बसत नाही. ‘सहमालक’ हा शब्द मात्र राखून ठेवा. एकाच फ्लॅटचे दोन मालक, म्हणजे तुमचे बापलेक, यांच्यासाठी तो लागेल. त्या दोघांचं मिळून मत एकच असतं.

इथेच एक गंमत बघा. इतिवृत्तात ‘12 कोन्दोमिनी’ आहे आणि मसुद्यात ‘12 इमारती’ झालं आहे. इमारतींचं अनेकवचन आणि गाळामालकांचं अनेकवचन एकसारखंच लिहितात, फरक फक्त उच्चारातल्या आघाताचा. पुढे हजेरी किंवा मतांची गोष्ट असेल, तर ती माणसंच.

आता तुमच्या ‘शेअर’कडे. मूळ शब्द मिल्लेझिमी. सगळ्या इमारतीचं मूल्य 1000 धरतात आणि प्रत्येक गाळ्याला त्यातला वाटा देतात. तो वाटा क्षेत्रफळ, मजला, दिशा, उजेड अशा गोष्टी पाहून ठरतो आणि एका तक्त्यात लिहिलेला असतो. ‘शेअर’ म्हटलं की साताऱ्यातले वडील कपाटात शेअर सर्टिफिकेट शोधणार. ‘सहस्रांश’ लिहा. पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ जोडा: ‘इमारतीच्या एकूण मूल्याच्या हजार भागांपैकी या गाळ्याचे भाग’.

आकडे लिहिताना फार जपा. इटालियन कागदात दशांशाला स्वल्पविराम असतो आणि हजाराला टिंब, म्हणजे आपल्या बरोबर उलट. तुमच्या मसुद्यात या फ्लॅटचे सहस्रांश ‘62,45’ असे तसेच उतरले आहेत. मराठी वाचक ते सहा हजार दोनशे पंचेचाळीस वाचेल. ते 62.45 हवेत. लिफ्टचे 48.000,00 युरो म्हणजे अठ्ठेचाळीस हजार, अठ्ठेचाळीस नव्हे. आणि ‘18.30’ ही वेळ आहे, संध्याकाळचे साडेसहा. सगळे आकडे बदलून झाले की पानावरच्या एकूण बेरजा स्वतः करून बघा. एखादं टिंब चुकलेलं असेल तर ते तिथेच सापडतं.

आता सूचना घेऊ. तीत पहिलं बोलावणं 14 मे, रात्री 11 वाजता आहे आणि दुसरं बोलावणं 15 मे, साडेसहाला. रात्री अकराला कोण येणार, असं तुम्ही समासात लिहिलं आहे. कोणीच येत नाही, आणि तसंच अपेक्षित असतं. पहिल्या बोलावण्याची अट कडक आहे. इमारतीच्या मूल्याचे किमान दोनतृतीयांश, म्हणजे 666.67 सहस्रांश, हजर हवेत. शिवाय एकूण गाळामालकांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे इथे 12 पैकी 7 हवेत. ही जुळवाजुळव क्वचितच होते, म्हणून पहिली वेळ बऱ्याचदा नावापुरती देतात. दुसऱ्या बोलावण्याला एकतृतीयांश मूल्य, म्हणजे 333.33 सहस्रांश, आणि एकतृतीयांश गाळामालक, म्हणजे इथे 4, पुरतात.

तुम्ही दुसऱ्या बोलावण्याला ‘तहकूब सभा’ म्हटलं आहे. तो शब्द काढा. आपल्याकडे गणपूर्ती झाली नाही की सभा बहुधा अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरते आणि मग गणपूर्तीची अट उरत नाही, हे सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. तुमचा वाचक तेच गृहीत धरेल. तिथे दुसऱ्या बोलावण्यालाही स्वतःची गणपूर्ती लागते. ते पहिल्याच तारखेला घेता येत नाही आणि पहिल्यापासून दहा दिवसांपलीकडेही नेता येत नाही. सभा तहकूब करावी लागत नाही, कारण दोन्ही वेळा एकाच सूचनेत आधीपासून छापलेल्या असतात. ‘पहिलं बोलावणं’ आणि ‘दुसरं बोलावणं’ हे साधे शब्दच नीट काम करतात. इतिवृत्ताच्या सुरुवातीला पहिली सभा ‘देझेर्ता’ गेल्याचं लिहिलं आहे. त्याचं ‘पहिल्या बोलावण्याची सभा आवश्यक उपस्थितीअभावी भरली नाही’ असं करा. तुमच्या ‘ओसाड राहिली’ या शब्दांनी हसू येतं, पण अर्थ पोचत नाही.

सूचनेची तारीखही बघून ठेवा. ती पहिल्या बोलावण्याच्या तारखेआधी किमान पाच दिवस गाळामालकाकडे पोचलेली असावी लागते. ती नोंदणीकृत पत्राने, प्रमाणित ई-मेलने, फॅक्सने किंवा हातात द्यावी लागते. साधा ई-मेल किंवा जिन्यातला फळा ही कायद्यातली रीत नाही. अनुवादाच्या माथ्यावर ‘पाठवल्याची तारीख’ आणि ‘मिळाल्याची तारीख’ वेगवेगळ्या दाखवा. मूळ कागदावर एकच असेल तर दुसरी गाळामालकाला विचारून घ्या. ती मात्र अनुवादात घालू नका, सोबतच्या चिठ्ठीत लिहा.

विषयपत्रिकेतला शेवटचा विषय तुम्ही ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ असा केला आहे. सोसायटीच्या सूचनेतलं हे वाक्य हाताला इतकं सवयीचं असतं की ते आपोआप उतरतं. पण ‘वारिये एद एवेन्तुआली’ या मथळ्याखाली बोलता येतं, खर्चाचा ठराव करता येत नाही. जो विषय सूचनेत स्पष्ट दिला नाही, त्यावर झालेल्या निर्णयाला आव्हान देता येतं. ‘इतर किरकोळ बाबी’ पुरे. तसंच ‘प्रशासक’. महाराष्ट्रात प्रशासक म्हटलं की कमिटी बरखास्त झाली आणि उपनिबंधकांनी माणूस नेमला, हेच मनात येतं. आम्मिनिस्त्रातोरे हा गाळामालकांनी नेमलेला, बहुधा मोबदला घेऊन काम करणारा व्यवस्थापक असतो. गाळामालक आठांहून जास्त असले की त्याला नेमावंच लागतं. त्याला ‘इमारत व्यवस्थापक’ म्हणा. इतिवृत्तातले अध्यक्ष आणि सचिव मात्र फक्त त्या संध्याकाळपुरते निवडलेले असतात. ‘सभेचे अध्यक्ष’, ‘सभेचे लेखनिक’ असं लिहिलं की कोणी त्यांना सोसायटीचे चेअरमन-सेक्रेटरी समजणार नाही.

आता इतिवृत्त. ‘कोरम’ हा शब्द तिथे दोन कामांना वापरतात आणि तुम्ही दोन्हीकडे ‘गणपूर्ती’ घातली आहे. आकडे जुळेनात ते इथेच. एक कोरम सभा भरण्याचा, दुसरा ठराव मंजूर होण्याचा. पहिल्याला ‘गणपूर्ती’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘ठरावासाठी आवश्यक बहुमत’. दोन्हीकडे मोजणी दुहेरी असते, डोकी आणि सहस्रांश. दोन फ्लॅट असलेला मालक डोक्यांत एकच मोजतात, सहस्रांशांत मात्र दोन्ही फ्लॅट धरतात.

तुमच्या कागदात 15 मेच्या सभेला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत 12 पैकी 7 गाळामालक हजर होते, त्यांचे सहस्रांश 548.30. पहिल्या बोलावण्याला ही सभा भरलीच नसती, कारण डोकी पुरली तरी सहस्रांश कमी पडले असते. दुसऱ्याला ती नीट भरली.

मागच्या वर्षाच्या हिशेबावर 4 जण बाजूने (345.20), 2 विरोधात (131.60) आणि 1 तटस्थ (71.50) होता. बेरीज 548.30, बरोबर. दुसऱ्या बोलावण्यात साध्या विषयाला दोन गोष्टी लागतात: हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डोकी, आणि इमारतीच्या एकूण मूल्याचा एकतृतीयांश. 7 पैकी 4 आणि 345.20, दोन्ही भरतं. हा ठराव पक्का.

इथे ‘इन्तेर्वेनूती’ शब्दावर थांबा. तुम्ही ‘मतदान करणाऱ्यांचे बहुमत’ असं लिहिलं आहे. हवं ‘उपस्थितांचे बहुमत’. तटस्थ माणूस उपस्थित असतोच. उद्या 3 बाजूने, 2 विरोधात आणि 2 तटस्थ असं झालं, तर तुमच्या वाक्याप्रमाणे ठराव मंजूर होईल आणि कायद्याप्रमाणे होणार नाही. याच कारणाने ‘सर्वानुमते’ हेही टाळा आणि ‘उपस्थितांच्या एकमताने’ लिहा. आपल्या इतिवृत्तांत ‘सर्वानुमते मंजूर’ हा शेरा सवयीने पडतो. तिथे उपस्थितांचं एकमत होऊनही सहस्रांश कमी पडू शकतात.

लिफ्टच्या बाबतीत एकमत नव्हतं, पण सहस्रांश तिथेही कमी पडलेले दिसतात. लिफ्ट बदलायचा खर्च 48,000 युरो. 5 बाजूने (462.10), 2 विरोधात (86.20). खाली लिहिलं आहे, ‘सभा बहुमताने मंजूर करते’. डोक्यांचं बहुमत आहे, एकतृतीयांशही ओलांडलं आहे. पण मोठ्या रकमेच्या विशेष दुरुस्तीला दुसऱ्या बोलावण्यातही सवलत नाही. तिथे उपस्थितांच्या बहुमताबरोबर इमारतीच्या किमान निम्म्या मूल्याची, म्हणजे 500 सहस्रांशांची मतं लागतात. 462.10 ला 37.90 कमी पडतात. नवा व्यवस्थापक नेमण्यालाही हीच अट आहे, आणि पुढच्याच विषयाखाली लेखनिकानं लिहून ठेवलं आहे की 500 न भरल्यामुळे नेमणूक पुढे ढकलली. एका पानावर आठवलेली अट आधीच्या पानावर निसटली.

हे काम ‘मोठ्या रकमेचं’ ठरेल का, हे कायद्यात आकड्यानं दिलेलं नाही. काम आणि इमारत पाहून न्यायालय ते ठरवतं. 12 गाळामालकांत 48,000 म्हणजे सरासरी दर मालकाला 4,000 युरो, तेव्हा ठरायची शक्यता बरीच आहे. पण हे तुम्ही अनुवादात ठरवायचं नाही. मुळात ‘मंजूर करते’ आहे, तर मराठीतही ‘मंजूर करते’ हेच राहील. ‘(बेकायदेशीर)’ असं काही कंसात घालू नका. वेगळ्या चिठ्ठीत दोन ओळी लिहा: ठरावाच्या बाजूने 462.10 सहस्रांश नोंदले आहेत, अशा कामाला 500 लागू शकतात, तोरिनोतल्या वकिलाला दाखवा.

चिठ्ठीत मुदतही लिहा, कारण वडिलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. ज्याला योग्य बहुमत नाही असा ठराव आपोआप रद्द होत नाही. आव्हान दिलं नाही तर तो सर्वांना बांधतो. सभेत विरोधात किंवा तटस्थ राहिलेल्यांना ठरावाच्या तारखेपासून 30 दिवस मिळतात, गैरहजर मालकांना इतिवृत्त मिळाल्यापासून 30 दिवस. बापलेक गैरहजर होते, म्हणून पाकीट किंवा प्रमाणित ई-मेलची पोच जपून ठेवायला सांगा. कोर्टात जाण्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे, तेव्हा एकोणतिसाव्या दिवशी वकील शोधून भागत नाही. आणि नुसते पैसे न भरता बसणं हा मार्ग नाही. मंजूर झालेल्या खर्चवाटणीच्या आधारावर व्यवस्थापक थेट वसुलीचा न्यायालयीन आदेश मिळवू शकतो, आणि तो लगेच अंमलात येतो.

भरायचे झाले तर किती? वडिलांनी 62.45 ने गुणून 2,997.60 युरो काढले आहेत. गणित बरोबर, तक्ता चुकीचा. मतदानाला मालकीचा तक्ता, सहसा तक्ता ‘अ’, वापरतात. लिफ्टच्या देखभालीचा आणि बदलीचा खर्च, वेगळं काही ठरलं नसेल तर, निम्मा गाळ्याच्या मूल्यावर आणि निम्मा जमिनीपासून मजल्याच्या उंचीवर वाटतात. त्यासाठी निराळा तक्ता असतो. तुमच्या जोडपत्रात लिफ्टच्या तक्त्यात चौथ्या मजल्यावरच्या या फ्लॅटचे 91.20 आहेत. म्हणजे 4,377.60 युरो. म्हणून ‘सहस्रांश’ हा शब्द एकटा सोडू नका. प्रत्येक रकान्यावर ‘मालकी तक्त्यानुसार’ किंवा ‘लिफ्ट तक्त्यानुसार’ असं लिहा.

खर्चाच्या बाकी शब्दांत तीनच ठिकाणी गफलत आहे. कोन्सुन्तीवो म्हणजे संपलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष हिशेब आणि प्रेवेन्तीवो म्हणजे चालू वर्षाचं अंदाजपत्रक. तुम्ही दोन्हीला ‘अंदाजपत्रक’ केलं आहे. या दोहोंमधून कोन्ग्वाल्यो निघतो, म्हणजे भरलेले हप्ते आणि खरा वाटा यांतला फरक. त्याला ‘फरकाची रक्कम’ म्हणा आणि ती येणं आहे की देणं हे शब्दांत लिहा, नुसत्या उणे चिन्हावर सोडू नका. काही तक्त्यांत उणे म्हणजे मालकाचं देणं असतं, काहींत उलट. रकान्याचा मथळा वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गफलत ‘मंजूर’ या एकाच शब्दाची. पाणी गळत होतं म्हणून व्यवस्थापकानं मार्चमध्ये पाइप बदलून घेतला आणि सभेनं नंतर मान्यता दिली. मूळ शब्द रातीफिका आहे, त्याला आपल्या कार्यालयीन मराठीत ‘कार्योत्तर मंजुरी’ हा तयार शब्द आहे. छपराच्या अहवालाखाली मात्र प्रेझा दात्तो आहे, म्हणजे ‘सभेने नोंद घेतली’. तिथे ‘मंजूर’ लिहिलं तर छपराच्या खर्चालाही होकार गेला असं वाटेल.

तिसरी, फोन्दो स्पेचाले. तुम्ही ‘सिंकिंग फंड’ केलं आहे. विशेष दुरुस्ती ठरवताना त्या कामाच्या रकमेएवढा निधी उभारणं बंधनकारक असतं. करारात टप्प्याटप्प्यानं पैसे द्यायचे असतील तर तोही टप्प्याटप्प्यानं उभारता येतो. हा निधी त्या एका कामापुरता असतो, वर्षानुवर्षं साचणारा नव्हे. म्हणून ‘या कामासाठीचा विशेष निधी’ लिहा.

सूचनेच्या मागच्या पानावर प्रतिनिधीपत्राचा नमुना आहे, त्याचाही अनुवाद करून द्या. पुढच्या सभेला ते लागेल. ते लेखीच द्यावं लागतं. बापलेकांचं मत एक असल्यानं आधी दोघांनी आपल्यातला प्रतिनिधी ठरवायचा आणि मग त्यानं कोणाला पाठवायचं ते लिहायचं. भाडेकरू, शेजारी, ओळखीचा माणूस, कोणीही चालतो. फक्त व्यवस्थापकाचं नाव त्या रिकाम्या जागेत घालू नका. कोणत्याही सभेसाठी त्याला प्रतिनिधी नेमायला कायद्याची मनाई आहे, त्यानं स्वतःहून सोय म्हणून सुचवलं तरी.